पहिल्या कॉलच्या आधी एकच तास: समोरच्याचा धंदा आणि त्याचे स्पर्धक कसे समजून घ्यायचे?

नवी_पालवी

नमस्कार मंडळी. मी कारखान्यांना मशीन देखभालीचं सॉफ्टवेअर विकते. कुठलं मशीन कधी बंद पडलं, कुठला भाग बदलला, पुढची सर्व्हिस कधी, अशा नोंदी ठेवणारं. परवा सकाळी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्लांट हेडशी पहिलाच कॉल आहे. मला खोक्यांबद्दल एवढंच ठाऊक आहे की घर बदलताना ती कधीच पुरत नाहीत.

मागच्या कॉलची फजिती सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. वेगळा उद्योग होता. मी दीड तास कंपनीच्या वेबसाइटवर घालवला, स्थापना कधी, संस्थापक कोण, सगळं पाठ केलं. आणि सुरुवातच केली, "तुमचे तीन प्लांट आहेत ना..." समोरून उत्तर आलं, "तिसरा विकून दोन वर्षं झाली." पुढे मी जे बोलले ते त्यांनी ऐकलं असेल असं वाटत नाही. तेरा मिनिटांत कॉल आटोपला.

या वेळी हातात नेमका एक तास आहे. तो कसा वापरू? स्पर्धकांचं तर काहीच कळत नाहीये. एका साइटवर कंपनीचं नाव टाकलं तर दहा 'स्पर्धक' आले, त्यातले निम्मे भलत्याच खंडातले.

चौकट_राजा

सोपं आहे. मायकल पोर्टरची पाच बलांची चौकट घ्या, १९७९ पासून चालत आलीय, अजून तोड नाही. पाच चौकोन काढा: स्पर्धक, नवे येणारे, पर्यायी वस्तू, पुरवठादार, ग्राहक. प्रत्येकात चार-चार मुद्दे. त्याखाली SWOT. कंपनीची उलाढाल डिरेक्टरी साइटवर मिळतेच, ती वर लिहून टाका. तासात आरामात होतं, माझ्याकडे तयार टेम्प्लेट आहे.

शंकासुर

परवाच्या मुलाखतीसाठी शुभेच्छा! पगाराचा विषय आपणहून काढू नका.

नवी_पालवी

@शंकासुर, मुलाखत नाही हो, विक्रीचा कॉल आहे. :) शुभेच्छा मात्र ठेवून घेते.

@चौकट_राजा, टेम्प्लेट भरून झाल्यावर पहिलं वाक्य काय बोलू, तिथेच माझी गाडी अडते.

जुनं_खोड

पालवीताई, तुमचं मागच्या वेळी काय चुकलं ते तुम्हीच लिहिलंय. तुम्ही कंपनीचा इतिहास वाचलात. तो समोरच्याला तुमच्याहून जास्त माहीत असतो, त्यामुळे त्यात तुम्ही फक्त चुकू शकता. त्या धंद्यात पैसा कुठून येतो आणि कुठे गळतो, हे तासात शोधायचं. बाकी सगळं कॉलवर विचारता येतं.

मी असा तास साधारण चार भागांत तोडतो. भाग सारखे नसतात.

पहिली दहा मिनिटं त्यांची वेबसाइट, पण 'आमच्याविषयी' हे पान सोडून. यंत्रसामग्रीची यादी, प्रमाणपत्रं, ग्राहकांची पाटी आणि नोकरीच्या जाहिराती एवढंच. साइटवर न दिसणारे माहितीपत्रक सापडायला हे पुरतं:

```
site:example.com filetype:pdf
```

example.com च्या जागी त्यांचा पत्ता टाका. जुन्या PDF मध्ये बऱ्याचदा यंत्रांची यादी असते. मात्र PDF वर तारीख बघा, नाहीतर पुन्हा तुमचा तिसरा प्लांट व्हायचा.

मग पंचवीस मिनिटं उद्योगाला. तुमची कंपनी खासगी असणार, तिचे आकडे सहज मिळणार नाहीत. म्हणून त्याच धंद्यातली शेअर बाजारात नोंदलेली एखादी कंपनी धरा, कुठल्याही देशातली चालेल, आणि तिचा वार्षिक अहवाल उघडा. अख्खा वाचायचा नाही. अमेरिकन 10-K असेल तर Item 1 मध्ये धंदा आणि स्पर्धा, Item 1A मध्ये जोखमी. इतर देशांच्या अहवालांत व्यवस्थापनाचं विवेचन आणि जोखमीचा भाग शोधा. कंपन्या जाहिरातीत जे लपवतात ते जोखमीच्या भागात वकिलांच्या धाकाने लिहून टाकतात. त्यानंतर नफा-तोट्याचं पान: विक्री १०० धरली तर कच्चा माल किती, वीज-इंधन किती, पगार किती, शेवटी उरतं किती. पाच मिनिटांचं काम.

खोक्यांच्या धंद्यात तुम्हाला दिसेल की कागदच बहुतेक सगळं खाऊन टाकतो. समजा, विक्री १०० आणि त्यातला कागद ६५, नफा ५. (हे आकडे हिशोबासाठी घेतलेत, तुम्ही अहवालातले घ्या.) आता कागदाची नासाडी कागदाच्या २ टक्क्यांनी कमी झाली तर १.३ वाचले. ५ चे ६.३ झाले, म्हणजे नफा चौथ्या हिश्श्याने वाढला. देखभालीचा खर्च मात्र बहुधा इतका छोटा असेल की तो निम्मा केलात तरी मालकाची झोप उडणार नाही. म्हणजे "देखभालीचा खर्च वाचवतो" हे तुमचं नेहमीचं वाक्य इथे चालणार नाही. मशीन अचानक थांबलं की कागद किती वाया जातो आणि ट्रक किती वेळ खोळंबतो, हे विचारायचं.

चौकट_राजा यांच्या पाच चौकोनांतले दोन मी घेतो: पुरवठादार आणि ग्राहक. खोकेवाला एका बाजूला कागद गिरणी आणि दुसऱ्या बाजूला मोठा ग्राहक यांच्यामध्ये सापडलेला असतो. गिरणी भाव वाढवते तेव्हा आज वाढवते, ग्राहकाशी भाव ठरलेला असतो तिमाहीचा. मधले आठवडे खोकेवाल्याच्या खिशातून जातात. अहवालात हे ओळखायचं कसं? विक्री वाढलेली दिसते आणि त्याच तिमाहीत नफ्याचं प्रमाण घसरलेलं असतं. "कच्च्या मालाची वाढ ग्राहकांवर टाकता येईलच असं नाही" अशा अर्थाचं वाक्य जोखमीत असतंच असतं.

डिरेक्टरी साइटवरची उलाढाल मात्र कॉलवर तोंडातूनही काढू नका. खासगी कंपन्यांच्या बाबतीत तो अनेकदा माणसांच्या संख्येवरून बांधलेला अंदाज असतो.

स्पर्धकांचं संध्याकाळी लिहितो, आता निघतोय.

प्रयोगशाळा_मित्र

मी प्रयोगशाळांना उपकरणं विकतो. 'स्पर्धक' म्हणजे आमचे स्पर्धक की त्यांचे, हाच घोळ आमच्या टीममध्ये वर्षभर चालला. मॅनेजर विचारायचे, "स्पर्धक बघितलेस?" आणि मी आमच्यासारखी उपकरणं विकणाऱ्यांचा तक्ता करून जायचो. एका प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मला सरळ विचारलं, "आमच्याकडून नमुने काढून लोक कुणाकडे पाठवतात, माहितीये?" मी गप्प. रिपोर्ट एक दिवस आधी देणारी दुसरी प्रयोगशाळा हे त्यांचं दुखणं होतं, आणि माझ्या तक्त्यात किमतींचे सात रकाने होते.

दिवसाला_आठ

एक तास? प्रत्येक कॉलला? माझे दिवसाला आठ कॉल असतात, त्यातले तीन लोक उचलतच नाहीत. मी दहा मिनिटं देतो: साइट, समोरच्या माणसाचं प्रोफाइल, एखादी ताजी बातमी. बाकी ऐकून घ्यायचं. जास्त अभ्यास केलेला माणूस कॉलवर अभ्यासच दाखवत बसतो, असं माझं निरीक्षण आहे.

जुनं_खोड

@दिवसाला_आठ, शेवटचं वाक्य मान्य. पण आठही कॉल वेगवेगळ्या उद्योगांतले असतात का? मी आठवड्यात एकच उद्योग धरतो. अहवालाची पंचवीस मिनिटं एकदा घालवली की पुढच्या दहा खोकेवाल्यांना तीच कामी येतात, प्रत्येक कॉलला फक्त कंपनीपुरतं बघायचं राहतं.

आता स्पर्धक. स्पर्धकांची यादी सांगणाऱ्या साइट शब्द जुळवतात. 'पॅकेजिंग' दिसलं की काचेच्या बाटल्यांपासून सगळे एका रांगेत. आपण ग्राहकाच्या खुर्चीत बसायचं. समजा तुम्हीच बिस्किटांचा कारखाना चालवताय आणि उद्यापासून यांनी खोकी द्यायची बंद केली. तुम्ही फोन कुणाला कराल?

इथे खोक्यांचा एक गुण कामाला येतो. घडी करून पाठवली तरी खोकी जागा फार खातात आणि वजन कमी, किंमतही कमी. ट्रक भरतो, पण भाडं सुटत नाही. म्हणून साधं खोकं फार लांब जात नाही, दीड-दोनशे किलोमीटरच्या पुढे हिशोब बसणं अवघड. तेव्हा नकाशा उघडायचा, प्लांटभोवती तेवढं वर्तुळ मनात धरायचं आणि त्यात खोकी बनवणारे शोधायचे. पाच-सहा नावं मिळतील, त्यातल्या तिघांच्या साइट उघडा. यंत्रं कुठली, छपाई किती रंगांची, "४८ तासांत माल" असं कुणी लिहिलंय का. तिघांपैकी दोघं डिलिव्हरीच्या वेळेवर बोलत असतील तर त्या भागातली लढाई वेळेवर चालली आहे. यात पंधरा मिनिटं.

उरलेली दहा मिनिटं लिहायला. तीन अंदाज, प्रत्येकाखाली एक प्रश्न. चौथा अंदाज लिहायचा नाही.

चौकट_राजा

म्हणजे शेवटी तुम्ही पोर्टरच वापरलात, फक्त चौकोन न काढता.

जुनं_खोड

हो, नाही कुठे म्हणतोय. :) वेळ दोन चौकोनांचाच आहे एवढंच.

पुठ्ठेबहाद्दर

वाचनमात्र होतो, पण विषय आमच्या पोटापाण्याचा निघाला. सोळा वर्षं खोक्यांच्या कारखान्यात आहे. खोडकाकांनी बाहेरून बघून बरंच बरोबर लिहिलंय, दोन ठिकाणी मात्र दुरुस्ती.

पहिली. ते १.३ पूर्ण वाचत नाहीत. वाया गेलेला कागद आम्ही फेकत नाही, गाठी बांधून रद्दीत विकतो. समजा, रद्दीला कागदाच्या तिसऱ्या हिश्श्याने भाव आला, तर खरी बचत ०.९ च्या आसपास. तरी मोठीच आहे. पण १.३ म्हणालात तर प्लांट हेड मनात हसेल.

दुसरी जास्त महत्त्वाची. सगळे खोकेवाले एकाच जातकुळीचे नसतात. काहींकडे कॉरुगेटर असतो: कागदाची रिळं एका टोकाने घालायची, दुसऱ्या टोकाने नालीदार पुठ्ठ्याचे ताव बाहेर. बाकीचे तयार ताव विकत घेतात आणि फक्त छापून, कापून, चिकटवून खोकी करतात. म्हणजे नकाशावर शेजारी दिसणारा 'स्पर्धक' कदाचित यांचा पुरवठादार असेल! त्याच्याच तावांवर यांचा कारखाना चालतो आणि तोच यांच्या ग्राहकाला खोकीही विकतो. अशा मालकासमोर त्या शेजाऱ्याचं नाव घेतलंत तर काय चेहरा होईल, बघा.

ओळखायचं कसं? यंत्रांच्या यादीत कॉरुगेटर आणि त्याची रुंदी लिहिलेली असते, १८०० मिमी, २५०० मिमी अशी. माणूस ते अभिमानाने लिहितोच. लिहिलेलं नसेल तर नोकरीच्या जाहिराती बघा. बॉयलर चालवणारा हवाय का? कॉरुगेटरला वाफ लागते. नुसत्या छपाई-कटिंगला बॉयलर कशाला हवा?

कॉरुगेटर असेल तर देखभालीचा प्रश्न धारदार. ते मशीन मध्येच थांबलं की गरम पट्ट्यांवर असलेला पुठ्ठा करपतो किंवा वाकडा होतो, पुन्हा सुरू करताना गोंद आणि उष्णता जुळेपर्यंतचे ताव रद्दीत. पाच मिनिटं थांबलं तर नुकसान पाच मिनिटांचं नसतं. कॉरुगेटर नसेल तर नासाडी कमी, पण छपाईचं एक मशीन बंद पडलं की त्या दिवशीचा ट्रक रिकामा.

नवी_पालवी

पुठ्ठेदादा, अंगावर काटा आला. मी शेजारच्या मोठ्या कंपनीचं नाव घेऊनच सुरुवात करणार होते!

आत्ता बघितलं. साइटवर कॉरुगेटरचा उल्लेख नाही. पण सात महिन्यांत देखभाल अभियंत्याची जाहिरात तीनदा आणि बॉयलर ऑपरेटरची एकदा. म्हणजे कॉरुगेटर आहे आणि देखभालीची माणसं टिकत नाहीत, बरोबर?

पुठ्ठेबहाद्दर

पहिलं बहुतेक बरोबर. दुसऱ्यावर उडी मारू नका. भरती करणाऱ्या एजन्सी एकच जाहिरात पुन्हा पुन्हा वर आणतात. मजकूर शब्दशः तोच असेल तर ती एकच जागा असू शकते. किंवा नवी लाइन टाकत असतील आणि माणसं वाढवत असतील.

जुनं_खोड

म्हणूनच अंदाज सांगायचा नाही, विचारायचा. "तुमची माणसं टिकत नाहीत" हे वाक्य कुणालाही झोंबेल. "देखभालीची टीम वाढवताय असं दिसलं, नवी लाइन येतेय का?" यावर दोन्हीपैकी खरं काय ते ते स्वतः सांगतील.

ग्राहकांची पाटी बदललीय का तेही बघा. web.archive.org वर साइटचं दोन वर्षांपूर्वीचं पान उघडा आणि आजच्या पानाशेजारी ठेवा. तुमचा 'तिसरा प्लांट' तिथे दोन मिनिटांत सापडला असता.

दिवसाला_आठ

लोगो गायब झाला म्हणजे ग्राहक गेला असंही नाही हं. आमच्या साइटवर डिझायनरला जागा पुरली नाही म्हणून चार ग्राहक उडाले होते. त्यातल्या एकाने फोन करून विचारलं.

जुनं_खोड

खरंय. त्यावरून फक्त प्रश्न सुचतो, उत्तर मिळत नाही.

प्रयोगशाळा_मित्र

एक शंका. समोरच्याचा स्पर्धक आधीच आपला ग्राहक असेल तर सांगायचं का? आमच्याकडे यावरून दोन तट आहेत. एक तट म्हणतो, नाव घेतलं की विश्वास बसतो.

जुनं_खोड

मी घेत नाही. आज त्याची माहिती इथे सांगणारा उद्या आपली तिथे सांगेल, असं समोरच्याच्या मनात येतंच.

दिवसाला_आठ

मी घेतो, लेखी परवानगी असेल तर. आणि खरं सांगू, त्यानेच माझे निम्मे दुसरे कॉल मिळतात.

नवी_पालवी

तयारी झाली. हे तीन लिहिलेत, शेवटचं बघून घ्या:

१. कॉरुगेटर आहे आणि मध्येच थांबण्याने कागद वाया जातोय. प्रश्न: लाइन न ठरवता थांबली की पुन्हा चांगला ताव यायला किती वेळ जातो?

२. देखभाल टीम बदलतेय. प्रश्न: नवी लाइन की माणसांची अदलाबदल?

३. वर्तुळातल्या दोन कंपन्या ४८ तासांत माल देतो म्हणतात, म्हणून यांच्यावर वेळेचा दबाव. प्रश्न: ग्राहक ऑर्डर दिल्यावर किती दिवसांत माल मागतात?

पुठ्ठेबहाद्दर

पहिला प्रश्न असा विचारलात तर तो तुम्हाला आमच्यातलीच समजेल. मग पुढे खोलात जाईल, तेव्हा "मी या धंद्यात नवी आहे" हे आधीच सांगून टाका.

नवी_पालवी

कॉल झाला! एक्कावन्न मिनिटं चालला.

पहिला अंदाज बरोबर. वेळ विचारल्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, "कधी मोजलंच नाही, पण ऑपरेटर म्हणतो वीस मिनिटं." दुसरा अर्धाच: नवी छपाई लाइन येतेय, आणि एक माणूस सोडूनही गेलाय.

तिसरा साफ चुकला. वेळेचा दबाव आहे, पण त्या दोन कंपन्यांचं त्यांना काही वाटत नाही. त्यांचा मोठा ग्राहक वाहनांचे सुटे भाग बनवतो, आणि तो आता खोक्यांऐवजी पुन्हा पुन्हा वापरता येणारे प्लास्टिकचे क्रेट घ्यायला लागलाय. म्हणाले, "शेजारी एखादी ऑर्डर नेतो, क्रेट कायमची नेतो." हे कुठल्याच नकाशावर नव्हतं. यावर मला काही बोलताच आलं नाही, नुसतं लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात दुसरी मीटिंग आहे, डिस्पॅच बघणारेही येणार आहेत. त्यांनी मागच्या तीन महिन्यांची शिफ्ट वही दाखवतो म्हटलंय.

चौकट_राजा

पर्यायी वस्तू. तिसरा चौकोन. मी फक्त नोंद करून ठेवतोय.

जुनं_खोड

मान्य, राजे. तिसरा चौकोन मी सोडायला सांगितला होता, चूक माझी. पुढच्या वेळी ग्राहकाच्या खुर्चीत बसल्यावर "कुणाला फोन कराल" याच्या जोडीला "खोक्याशिवाय काम भागेल का" हेही विचारीन.

पुठ्ठेबहाद्दर

क्रेटचं आमच्याकडेही तेच चाललंय, त्यावर वेगळा धागा काढा, लिहायला भरपूर आहे. शिफ्ट वहीबद्दल एक: त्यात 'थांबण्याचं कारण' या रकान्यात निम्म्या ठिकाणी नुसतं 'मेकॅनिकल' लिहिलेलं असेल. त्यावर विसंबू नका. त्याच तारखेला रद्दीच्या गाठींचं वजन किती झालं ते शेजारी मांडून बघा.

शंकासुर

अभिनंदन! मग रुजू कधी होताय?